एकच कोपरा सारखा जिंकतोय? एरिया कंट्रोल नकाशातल्या सीमा, नाके आणि सुरुवातीच्या जागांची दुरुस्ती

लक्षण ओळखीचं आहे. इलाखे काबीज करायच्या, म्हणजे एरिया कंट्रोलच्या पटखेळासाठी चार भिडूंचा नकाशा काढला, नियम बसवले, खेळायला घेतला. काही डावांतच कुणीतरी म्हणतं, "लाल कोपरा मिळाला की जिंकलंच समजा." मग डिझायनर लाल कोपऱ्याचं उत्पन्न कमी करतो, आणि पुढच्या वेळी पिवळा जिंकायला लागतो. पिवळ्याला आवरलं की हिरवा. हे चक्र थांबत नाही, कारण दुरुस्ती आकड्यांत चाललेली असते आणि दोष सीमांच्या जोडणीत असतो. ती जोडणी कागदावर कशी तपासायची आणि कुठली रेघ हलवायची, ते एका नकाशावर शेवटपर्यंत करून बघू.

आधी खात्री: दोष खरंच जागेचा आहे का?

नुसत्या विजयांच्या मोजणीवर विसंबू नका. समजा चारही जागा अगदी समान आहेत, म्हणजे प्रत्येकीची जिंकण्याची शक्यता २५ टक्के. अशा निर्दोष नकाशावर ८ डाव खेळले तरी कुठल्या ना कुठल्या एका जागेने ४ किंवा जास्त डाव जिंकण्याची शक्यता साधारण ४५ टक्के असते. म्हणजे "आठातले चार लालने जिंकले" हा पुरावा फार कच्चा आहे. शिवाय लाल बलवान आहे असा टेबलावर बोभाटा झाला की बाकीचे तिघे मिळून लालवर तुटून पडतात. मग निकाल समसमान दिसतात आणि नकाशातला दोष झाकला जातो.

त्यापेक्षा प्रत्येक डावात तिसरी फेरी संपली की थांबून प्रत्येक जागेचं त्या क्षणाचं उत्पन्न लिहून ठेवा. विजेता एका डावात एकच मिळतो, इथे मात्र चार आकडे मिळतात, आणि तोवर युती-बदला फारसे सुरू झालेले नसतात. भिडूंच्या जागा फिरवा, आणि सुरुवात दर डावात वेगळ्या रंगाकडून करा. हे दुसरं पुष्कळदा राहून जातं. लाल नेहमी पहिला खेळत असेल, तर दोष कोपऱ्याचा की पहिल्या पाळीचा हे कधीच कळणार नाही.

इतकं करूनही तिसऱ्या फेरीला तोच कोपरा पुढे दिसत असेल, तर नकाशा उघडायला घ्या.

नकाशा ठिपके आणि रेघांत उतरवा

रंग, नद्या, सुंदर किनारे सगळं बाजूला ठेवा. प्रत्येक इलाख्याला एक ठिपका, आणि जिथून सोंगट्या एका पाळीत पलीकडे जाऊ शकतात तिथे एक रेघ. समुद्रमार्ग असेल तर तीही रेघच. आपला उदाहरणाचा नकाशा १९ इलाख्यांचा आहे: चार कोपऱ्यांत चार रंगांचे चार-चार, आणि मधे तीन. लाल वायव्येला, निळा ईशान्येला, हिरवा आग्नेयेला, पिवळा नैर्ऋत्येला. प्रत्येकाचं घर त्याच्या १ क्रमांकाच्या इलाख्यात.

```
लाल    : १–२, १–३, २–४, ३–४
निळा   : १–२, १–३, ३–४
हिरवा  : १–३, १–४, २–४
पिवळा  : १–२, १–३, १–४
मध्य   : १–२, २–३

लाल४–मध्य१      निळा२–मध्य१
निळा३–मध्य२     निळा४–हिरवा२
हिरवा३–मध्य२    पिवळा२–मध्य३
पिवळा३–मध्य३
```

नियम साधे धरू. दर फेरीला प्रत्येकाला ३ सोंगट्या मिळतात, आणि आपल्या रंगाचे चारही इलाखे, म्हणजे अख्खा प्रांत, ताब्यात असतील तर आणखी ३ बक्षीस. मध्य२ मध्ये किल्ला आहे, त्याचे जादा गुण. उत्पन्न सगळ्यांचं सारखंच, त्यामुळे वरवर पाहता नकाशा निष्पक्ष वाटतो.

आता दरवाजे मोजा. दरवाजा म्हणजे तुमच्या रंगाचा असा इलाखा, ज्याला बाहेरच्या एखाद्या इलाख्याची सीमा लागते. लालचा दरवाजा एकच, लाल४. निळ्याचे तीन, हिरव्याचे दोन, पिवळ्याचे दोन. प्रत्येक दरवाज्यावर निदान ३ सोंगट्यांची चौकी लागते असं धरलं, तर लालला आपला प्रांत सांभाळायला ३ सोंगट्या पुरतात आणि निळ्याला ९ लागतात. फरक ६ सोंगट्यांचा, म्हणजे पूर्ण प्रांत हाती असलेल्या भिडूची अख्ख्या एका फेरीची मिळकत. डाव सुरू होण्याआधीच लाल निळ्याच्या एक फेरी पुढे आहे. लालच्या बक्षिसाला दरवाज्यांनी भागलं तर ३ येतात, निळ्याच्या बाबतीत १. हा भागाकार प्रत्येक प्रांतासाठी करून शेजारी शेजारी लिहिला की निम्मं निदान तिथेच होतं.

रिस्क ह्या पटखेळाचा प्रचलित नकाशा ह्याच नजरेने पाहण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका, दोन्ही खंडांत ४ इलाखे आणि दोन्हीचं बक्षीस २. पण ऑस्ट्रेलियात शिरायला एकच वाट, सयाममधून इंडोनेशियात. दक्षिण अमेरिकेला मात्र व्हेनेझुएला आणि ब्राझील असे दोन दरवाजे. भागाकार केला तर ऑस्ट्रेलियाचा २ आणि दक्षिण अमेरिकेचा १. युरोपचं बक्षीस ५, पण दरवाजे ४, म्हणून सव्वा. पहिल्या फेरीपासून ऑस्ट्रेलियासाठी का झुंबड उडते त्याचं उत्तर ह्या तीन आकड्यांत आहे.

दिसणारे दरवाजे आणि खरे दरवाजे

इथे एक फसगत होते, आणि "लाल आवरला तर पिवळा सुटला" हा प्रकार तिच्यामुळेच घडतो. पिवळ्याचे दरवाजे आपण दोन मोजले: पिवळा२ आणि पिवळा३. पण दोन्ही उघडतात मध्य३ मध्येच. पिवळ्याने एक पाऊल पुढे टाकून मध्य३ घेतला की मागचे दोन्ही दरवाजे आपोआप सुरक्षित होतात, आणि चौकी एकाच ठिकाणी पुरते. वरून एक इलाखा जास्तीचा मिळतो तो वेगळाच. म्हणजे पिवळ्याचा खरा दरवाजा एकच आहे. तो लालपेक्षा एका पाळीने उशिरा सुरक्षित होतो, इतकाच फरक.

म्हणून प्रत्येक प्रांतासाठी प्रश्न असा विचारायचा: बाहेरच्या कुणालाही माझ्या प्रांतात शिरू द्यायचं नसेल, तर कमीत कमी किती इलाख्यांवर चौकी बसवावी लागेल? ते इलाखे माझ्याच रंगाचे असले पाहिजेत असं नाही, एखादं पाऊल बाहेरचेही चालतील. निळ्याला हा प्रश्न विचारून पाहा. त्याच्या तीन वाटा तीन वेगवेगळ्या ठिकाणी जातात, पुढे सरकूनही एकत्र येत नाहीत. निळ्याचे तीन म्हणजे खरेच तीन. तेव्हा खरा हिशोब असा: लाल १, पिवळा १, हिरवा २, निळा ३.

आकडेमोड नको असेल तर बोटाने करायची चाचणी आहे. एकेका ठिपक्यावर बोट ठेवा आणि बघा की उरलेला नकाशा एकसंध राहतो की त्याचे तुकडे पडतात. मध्य१ झाकला की लाल प्रांत सुटा पडतो. लाल४ झाकला तरी लालचं घर जगापासून तुटतं. मध्य३ झाकला की पिवळा सुटा, मध्य२ झाकला तरी मध्य३सकट पिवळा सुटाच. ज्या ठिपक्यामुळे कुणाचं घर वेगळं पडतं तो नाका त्या घरवाल्याच्या फायद्याचा असतो. नाके वाईट नसतात, त्यांच्याशिवाय ह्या खेळात लढाईला जागाच उरत नाही. पण चांगला नाका तो, ज्याच्यावर दोघांचा डोळा असतो आणि ज्याला वळसा घालून जाणारी दुसरी, थोडी लांबची वाट असते.

दुरुस्ती: बक्षीस कापायचं की रेघ काढायची?

पहिला मोह बक्षीस कापण्याचा. लालचं ३ वरून १ केलं तर भागाकार निळ्याइतका होतो. मी ह्या उपायाच्या विरुद्ध आहे. बक्षीस कापल्याने लाल गरीब होतो, पण असुरक्षित होत नाही. तो एका नाक्यावर सोंगट्या रचत बसतो, त्याच्यावर चढाई करणं कुणालाच परवडत नाही, आणि डाव रेंगाळतो. तिघे लढतात, एकजण वाट बघतो. आकडे जुळले तरी खेळ मरतो.

म्हणून रेघ. पण कुठे? लालला दुसरा दरवाजा पाडायचा म्हटलं की नजर शेजारच्या निळ्याकडे जाते, कारण वरच्या कडेला दोघांच्या मधे मोकळी जागा दिसते. तिथे रेघ काढली तर लाल दोनवर येईल, पण निळा चारवर जाईल. एक रेघ दोन्ही टोकांना दरवाजा पाडते, हे सीमा बदलताना सतत ध्यानात ठेवायला हवं. त्यामुळे नवी सीमा नेहमी दोन सुरक्षित प्रांतांच्या मधे घालावी. इथे ते दोघे आहेत लाल आणि पिवळा, आणि पश्चिमेच्या कडेने शेजारीही आहेत.

लाल३–पिवळा४ ही रेघ घाला. लाल दोनवर आला, लाल४ आणि लाल३. पिवळ्याचाही खरा हिशोब दोन झाला, एक मध्य३ आणि एक पिवळा४. एकाच रेघेत दोन्ही बालेकिल्ले उघडले.

राहिला निळा. त्याच्या तीन वाटांपैकी एक बंद करायची, आणि ती निवडतानाही हाच विचार उलट्या बाजूने करायचा: रेघ पुसली की पलीकडच्याचाही दरवाजा जातो. निळा४–हिरवा२ पुसली तर हिरव्याकडे एकच दरवाजा उरेल, आणि पुढच्या महिन्यात सगळे हिरव्याबद्दल तक्रार करतील. निळा२–मध्य१ पुसली तर मध्य१ लालच्या अंगणात जातो. निळा३–मध्य२ पुसली तर पलीकडे कुणाचाच प्रांत नाही, फक्त किल्ला आहे. तीच पुसायची. नकाशावर तिथे डोंगररांग काढा.

आता चौघांचेही खरे दरवाजे दोन. बोटाची चाचणी पुन्हा करा: १९ पैकी कुठलाही एक ठिपका झाकला तरी उरलेला नकाशा एकसंध राहतो.

सुरुवातीच्या जागा: पावलं मोजा

दरवाजे जुळले म्हणजे जागा जुळल्या असं नाही. घरापासून किल्ल्यापर्यंत किती पावलं, हे वेगळं मोजावं लागतं. दुरुस्त नकाशात मध्य२ निळ्याला ३ पावलांवर आहे, पिवळ्यालाही ३, हिरव्याला फक्त २, आणि लालला ४. हिरवा किल्ला घेऊन बसलेला असेल तेव्हा लाल अजून मध्य१ मध्ये चालतच असेल.

इथे सीमांना हात लावू नका. आत्ताच मोठ्या कष्टाने जुळवलेले दरवाजे बिघडतील. घर हलवा. घर प्रांताच्या आतच हलवलं तर एकाही दरवाज्याची मोजणी बदलत नाही, म्हणून हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. लालचं घर लाल१ मधून लाल२ मध्ये न्या: लाल२, लाल४, मध्य१, मध्य२ अशी तीन पावलं झाली. हिरव्याचं घर हिरवा१ मधून मागे हिरवा४ मध्ये न्या: हिरवा१, हिरवा३, मध्य२, तीन पावलं. चौघेही किल्ल्यापासून सारख्याच अंतरावर आले.

घर हलवल्यावर एक गोष्ट लगेच तपासायची, ती म्हणजे घरापासून आपल्याच दोन चौक्यांपर्यंतचं अंतर. चौकीवर कुमक वेळेत पोचली नाही तर दरवाजा कागदावर सुरक्षित असून उपयोग नसतो. इथे लालला लाल४ एका पावलावर आणि लाल३ दोन पावलांवर. निळ्याला निळा२ एक, निळा४ दोन. हिरव्याला हिरवा२ एक, हिरवा३ दोन. पिवळ्याला पिवळा४ एक, मध्य३ दोन. चौघांचं सारखं.

मग घरा-घरातली अंतरं. लाल ते निळा ४ पावलं, निळा ते हिरवा ४, पिवळा ते लाल ४. पण हिरवा ते पिवळा ६! म्हणजे लाल आणि निळ्याला दोन्ही बाजूंनी जवळचा शेजारी, आणि हिरव्या-पिवळ्याला एक बाजू निवांत. असा दोष दरवाज्यांच्या मोजणीत दिसत नाही. खेळताना तो असा दिसतो: तिसऱ्या फेरीचं उत्पन्न सारखं, पण पाचव्या-सहाव्या फेरीला दक्षिणेचे दोघे ताजेतवाने आणि उत्तरेचे दोघे थकलेले.

मध्य३–हिरवा३ ही रेघ घातली तर हे अंतर ६ वरून ५ होतं. हिरवा३ आधीपासूनच दरवाजा आहे आणि पिवळ्याची चौकी आधीपासूनच मध्य३ वर आहे, त्यामुळे दोघांच्याही दरवाज्यांची संख्या वाढत नाही. फक्त दोन्ही चौक्यांसमोर एक नवा शेजारी येतो, आणि आपल्याला तेच हवं होतं. किल्ल्याचं अंतरही बदलत नाही.

पाच आणि चार ह्यांतला उरलेला फरक ह्या आकाराच्या नकाशात मी सीमांनी मिटवायला जाणार नाही. आणखी एक रेघ घातली की दरवाजे पुन्हा बिघडतात. एवढ्याशा फरकासाठी सुरुवातीच्या सोंगट्या वापराव्यात: लाल आणि निळ्याला पहिल्या मांडणीत एक-एक सोंगटी जास्त. डिप्लोमसी ह्या खेळात रशिया ४ पथकांनी सुरुवात करतो आणि बाकीची सहा राष्ट्रं ३ पथकांनी. त्या नकाशावर रशियाची सीमा उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत पसरलेली आहे, तिथे चौथं पथक शोभतं. जागा हुबेहूब सारख्या असाव्या लागत नाहीत, पण विषमतेची भरपाई डोळ्यांना दिसेल अशी पाहिजे.

कागदावर रेघ, पटावर सीमा

ठिपक्यांचा नकाशा बरोबर असूनही पटावर घोळ होतो, तो चित्र काढताना. सगळ्यात जास्त भांडणं चार इलाखे एका बिंदूत मिळतात तिथे होतात. समोरासमोरचे दोघे शेजारी आहेत की नाहीत? नियमपुस्तकात उत्तर लिहून काही साधत नाही, डावाच्या भरात ते कुणी उघडत नाही. एक कोपरा थोडा सरकवा, म्हणजे दोन इलाख्यांना निदान सोंगटीच्या रुंदीएवढी सामाईक सीमा मिळेल आणि उरलेले दोन स्पष्टपणे दूर जातील. निळा३ आणि मध्य२ मधली डोंगररांगही अशीच टोकापासून टोकापर्यंत काढा. अर्ध्यात संपली तर कुणीतरी तिला वळसा घालून जाणारच, आणि तुम्ही पुसलेली रेघ पटावर परत येईल.

नाक्याच्या इलाख्याला चित्रात जागाही जास्त द्या. मध्य१ आणि मध्य३ वर सर्वात मोठ्या फौजा उभ्या राहणार आहेत. इलाखा चिंचोळा असला तर सोंगट्या शेजारी सांडतात आणि कुणाचं काय कुठे हेच कळेनासं होतं.

तीन भिडू बसले तर

चार जणांसाठी जुळवलेला हाच नकाशा तिघांना जसाच्या तसा देता येत नाही. निळा रिकामा ठेवला आणि त्याचा प्रांत खेळातून बाद केला, तर हिरवा२ समोर कुणीच उरत नाही. हिरव्याचे दोन दरवाजे होते, आता एकच, हिरवा३. म्हणजे मघाचा लाल कोपरा आग्नेयेला तयार झाला. प्रांत बाद न करता मोकळा सोडला तर लाल आणि हिरव्याला फुकटची जमीन मिळते आणि पिवळ्याच्या हाती काहीच लागत नाही.

स्मॉल वर्ल्ड ह्या खेळात २, ३, ४ आणि ५ भिडूंसाठी चार वेगळे नकाशे दिलेले आहेत, आणि माझ्या मते तोच खरा उपाय. दुसरा पट छापणं शक्य नसेल, तर निळ्याचे चारही इलाखे तटस्थ फौजेने भरा, निळा२ आणि निळा४ वर प्रत्येकी ३ सोंगट्या आणि आतल्या दोघांवर एक-एक. तटस्थ फौज चढाई करत नाही, त्यामुळे हिरवा२ वर चौकी लागत नाही हे खरंच राहतं. त्यासाठी एक छोटा नियम जोडा: ज्याच्या प्रांताला तटस्थ इलाख्याची थेट सीमा लागते, त्याचं प्रांताचं बक्षीस ३ ऐवजी २. इथे तो फक्त हिरवा. बक्षीस कापण्याला मी वर विरोध केला होता, पण तिघांच्या डावात तो थोडा सैल करावा लागतो, कारण बादच झालेल्या शेजाऱ्याच्या बाजूला नवा दरवाजा पाडता येत नाही. हिरवा तरीही नाक्यावर बसून राहतोय असं तिसऱ्या फेरीच्या आकड्यांत दिसलं, तर निळा१ मध्ये एक छोटं बक्षीस ठेवा. ते घ्यायला हिरवा२ आणि लाल४ दोन्हीकडून तीन-तीन पावलं पडतात, म्हणजे हिरव्याला बाहेर पडावं लागतं आणि लालशी गाठ पडते.